चार आठवडे म्हणजे महिना नव्हे

"जळगावला डाळ मिलमध्ये आठवड्याला ३,५०० रुपये मिळतात. शेठ आता महिन्याला १४,००० देतो म्हणतात. सारखंच झालं ना?"

नाही भाऊ, यात तुमचं नुकसान आहे. चार आठवड्यांचा महिना फक्त २८ दिवसांच्या फेब्रुवारीत बसतो. बाकी महिन्यांतले वरचे दोन-तीन दिवस कुणी मोजत नाही. म्हणून आधी वर्षाचा आकडा काढायचा: ३,५०० गुणिले ५२ म्हणजे १,८२,०००. त्याला १२ ने भागलं की महिन्याला साधारण १५,१६७ येतात. चौदा हजारांवर हो म्हटलंत, तर वर्षाला १४,००० गेले, म्हणजे चार आठवड्यांचा पूर्ण पगार.

"पंधरवड्याला ७,००० देतो" असं म्हणाले, तर तारीख विचारा. दर चौदा दिवसांनी असेल, तर वर्षात २६ पगार होतात आणि हिशोब जुळतो. पण १ आणि १६ तारखेला असेल, तर २४ च पगार होतात, आणि तेच चौदा हजार पुन्हा बुडतात. बोलताना दोन्हीला पंधरवडाच म्हणतात, घोळ तिथेच होतो.

उलटं करताना महिन्याच्या पगाराला १२ ने गुणून ५२ ने भागा, ४ ने नको.

एक मात्र, ५२ हा आकडा बारमाही कामाचा. जिनिंगसारखं हंगामी काम असेल किंवा खाड्याचे पैसे कापत असतील, तर जितके आठवडे खरंच पगार मिळाला तितक्यांनीच गुणा.