१:२०० मराठीत वाचायचं कसं? ‘एकास दोनशे’ की ‘दोनशेत एक’?

मेघना, नागपूर
धंतोलीतल्या एका दवाखान्यासाठी गरोदर बायांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. डबल मार्कर, ट्रिपल मार्कर ही रक्तचाचण्यांची नावं तशीच ठेवली, त्यावर वाद नाही. अडलंय एका ओळीवर. रिपोर्टात डाऊन सिंड्रोमची रिस्क १:२०० अशी छापून येते. मी लिहिलं ‘एकास दोनशे’.

मसुदा वहिनीला वाचायला दिला, तर कळलं की तिचाच ट्रिपल मार्कर त्या आठवड्यात आलाय. १:१८०, आणि खाली बारीक अक्षरांत ‘कट-ऑफ १:२५०’. घरच्यांनी तो साखरेच्या रिपोर्टासारखा वाचला होता: मर्यादा अडीचशे, आपली एकशे ऐंशी, म्हणजे आत आहे. आईने देवापुढे साखरही ठेवली. चार दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. असा शब्द सुचवा की ही चूक होणार नाही.

शरद काका
‘एकास’ चूकच आहे. आयुष्य बांधकामावर गेलं माझं. एकास सहाचा माल म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि सहा घमेली रेती, एकूण सात. त्या हिशेबाने एकास दोनशे म्हणजे २०१ जणी झाल्या. ‘दोनशेत एक’ लिहा.

खमंग_पोट्टा
काका, २०० अन् २०१ मंदी काय फरक पडून राहिला? मेघनाताईच्या आईने घमेली थोडीच मोजली! त्यायनी आकडा पाहिला.

नीता_लॅबवाली
पोट्ट्याशी सहमत. तुम्ही ‘दोनशेत एक’ लिहा नाहीतर ‘दोनशेमागे एक’, रिपोर्ट हातात आला की डोळा कोलनच्या उजवीकडेच जातो. आणि तिथे सगळं उलटं आहे. वरचा एक तोच राहतो, छेद लहान झाला की रिस्क मोठी. एक भाकरी १८० जणांत वाटली तर वाट्याला येणारा तुकडा २५० जणांतल्या तुकड्यापेक्षा मोठा असतो, तसंच.

काउंटरवर मी दोन्ही आकडे हजारावर आणून सांगते. १:१८० म्हणजे हजारात साडेपाच, १:२५० म्हणजे हजारात चार. मग कोण मोठं ते विचारावं लागत नाही, आणि जीवही भांड्यात पडतो, कारण हजारातल्या ९९४ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतोच. माझं मत: पत्रकात ‘हजारात किती’ हेच छापा.

मेघना, नागपूर
पण नीताताई, रिपोर्टात तर १:१८० च असणार. पत्रकात एक आणि कागदावर दुसरं, असं नाही का होणार?

नीता_लॅबवाली
होईल. म्हणून दोन्ही द्या. बरं, वहिनींचे आठवडे कशावरून धरले होते? पाळीच्या तारखेवरून की सोनोग्राफीवरून?

अरुंधती_पुणे
मूळ प्रश्न शब्दाचा आहे, आठवड्यांचा नाही. ‘रिस्क’, ‘कट-ऑफ’, ‘पॉझिटिव्ह’ हे सगळं असंच ठेवणार असाल तर त्याला मराठी पत्रक म्हणायचं कशाला? स्क्रीनिंगला ‘चाळणी चाचणी’ हा नेमका शब्द आहे.

खमंग_पोट्टा
चाळणीत वर राह्यला तो कोंडा, अन् तो टाकून देतात. जिचं नाव वर राह्यलं ती बाई काय समजेल, माय?

अरुंधती_पुणे
तांदूळ चाळताना कणी खाली पडते आणि तांदूळ वर राहतो. चाळणी कशाची, त्यावर अवलंबून आहे.

सुजाता_आई
माझ्या मोठ्या मुलाच्या वेळी १:६० आलं होतं. पाणी काढून तपासलं, दोन आठवडे झोप नव्हती, काही निघालं नाही. आता तो बारावीत आहे. नणंदेच्या वेळी १:१५०० आलं, सगळे निश्चिंत, आणि तिची मुलगी डाऊन सिंड्रोमची आहे. गोड पोर आहे, पण नणंद अजून म्हणते की रिपोर्ट खोटा होता. मला कोणताच शब्द पटत नाही.

नीता_लॅबवाली
सुजाताताई, खोटा नव्हता. ६० जणींतल्या ५९ जणींपैकी तुम्ही होतात आणि १५०० मधली ती एक नणंद होती. ट्रिपल मार्करच्या चाळणीतून डाऊनची दहातली तीनेक बाळं निसटतात. बाराव्या-तेराव्या आठवड्याचा डबल मार्कर, सोबत मानेमागच्या पाण्याचं माप, यात कमी निसटतात. पण ‘नाही’ असं यातली कोणतीच चाचणी म्हणत नाही. म्हणून ‘निगेटिव्ह आला’ हा शब्द मला ‘पॉझिटिव्ह’पेक्षाही घातक वाटतो.

मेघना, नागपूर
नीताताई, विचारलं. पाळीवरून सतरा आठवडे धरले होते. वहिनीची पाळी दीड-दीड महिन्याने यायची. आधीची एक सोनोग्राफी फाइलमध्ये होती, तिच्यावरून त्या दिवशी पंधरा आठवडे आणि दोन दिवस होतात. फॉर्म भरणाऱ्याने ती पाहिलीच नाही.

नीता_लॅबवाली
मग तिथेच पाणी मुरतंय. यात रक्तातले तीन घटक मोजतात: एएफपी आणि इस्ट्रिऑल आठवड्यागणिक वाढतात, एचसीजी या दिवसांत उतरत असतं. लॅब तुमचा आकडा त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याने भागते, त्या पटीला मॉम म्हणतात. पंधराव्या आठवड्यातल्या बाईला सतराव्याच्या मापाने मोजलं की एएफपी आणि इस्ट्रिऑल कमी दिसतात, एचसीजी जास्त. डाऊनमध्ये दिसतो तोच नमुना! रक्त पुन्हा द्यायची गरज नाही, पंधरा पूर्ण झालेत. डॉक्टरांना सांगून त्याच आकड्यांवर सोनोग्राफीच्या तारखेने हिशेब पुन्हा करून घ्या. वजन आणि वयही फॉर्मवर बरोबर आहे का पाहा. पुण्याच्या ताईंना सांगते, आठवड्यांचा प्रश्न होता तो असा.

शरद काका
म्हणजे लेव्हलच चुकीची धरली आणि मग भिंत वाकडी म्हणताय.

मेघना, नागपूर
आज नवा रिपोर्ट आला. १:१४००. वहिनी मोकळी हसली. आणि आई? ‘अगं, एकशे ऐंशीचं चौदाशे झालं! केवढं वाढलं!’ म्हणून पुन्हा रडायला लागली. नीताताईंचं ‘हजारात’ वापरलं, तर हजारात पाऊणही येत नाही. आता ‘हजारात पाऊण बाळ’ कसं लिहू?

अरुंधती_पुणे
‘दहा हजारांत सात’. पण मूळ शब्द ‘जोखीम’च हवा. जोखणे म्हणजे वजन करणे, कानाला तो त्याच्याशी जुळतो. ‘धोका’ नको.

खमंग_पोट्टा
‘धोका’ तर नकोच. आमच्या नागपुरात हिंदी शेजारणीला ‘तुमच्या बाळाला धोका’ म्हटलं तर ती विचारल, कोणी दिला?

सुजाता_आई
‘शक्यता’ का नाही? जोखीम म्हटलं की मूलच ओझं वाटतं.

शरद काका
शक्यता तर पावसाचीही असते. आणि दहा हजारांत सात म्हटलं तरी ते प्रमाणच झालं की, मेघना! मग ‘एकास’ वाईट का?

नीता_लॅबवाली
काका, तुम्हीच चूक म्हणाला होता.

शरद काका
मी घमेल्याबद्दल म्हणालो होतो.