मदत हवी आहे: बँकेच्या काउंटरवरची आगमनं पॉयसाँ आहेत का, हे कसं तपासावं?

टोकन मशीनमधून ग्राहकांच्या येण्याच्या वेळा सेकंदांसह मिळाल्या आहेत. आगमनं पॉयसाँ असतील तर लागोपाठच्या दोन ग्राहकांमधलं अंतर t पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता e^(-λt) हवी, म्हणजेच अंतरांची सरासरी आणि प्रमाण विचलन सारखं. पूर्ण दिवसाची सरासरी 2 मिनिटं येते, विचलन मात्र 3. सकाळी गर्दी, दुपारी शुकशुकाट, तेव्हा λ बदलतोय हे उघड आहे. अर्ध्या तासाचे तुकडे पाडल्यावर दोन्ही आकडे जुळतात, पण एका तुकड्यात जेमतेम 15 अंतरं उरतात. सोबत आलेली माणसं एकच आगमन धरली आहेत.

प्रत्येक अंतराला त्या तुकड्याच्या सरासरीने भागून सगळी एकत्र तपासली तर चालेल का? सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली असताना कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीचा नेहमीचा तक्ता वापरता येईल, की p-मूल्य सिम्युलेशननेच काढावं लागेल?