मदत हवी आहे: खड्ड्यांसाठी कोल्ड मिक्सची पोती किती मागवायची?

मीनल_सचिव

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या आतल्या डांबरी रस्त्यावर तीन खड्डे आहेत. टेपने मोजलेली मापं अशी:

पहिला, गेटजवळ: 4 फूट × 3 फूट, मध्यभागी 4 इंच खोल.
दुसरा, ड्रेनेज चेंबरला लागून: अडीच फूट × 2 फूट, साधारण 2 इंच.
तिसरा, पार्किंगच्या वळणावर: 6 फूट × दीड फूट, जेमतेम इंचभर.

दुकानदार म्हणतो, कोल्ड मिक्सची, म्हणजे गरम न करता भरायच्या डांबर-खडीच्या तयार मालाची, 25 किलोची 30 पोती लागतील. एका सभासदांच्या मते दहाही पुरे. कमिटीपुढे आकडा ठेवायचा आहे, त्यामुळे हिशोब नेमका कसा करतात ते कोणी समजावून सांगेल का?

डोंगरवाट

सोपं आहे ताई. पोतं उघडून माल बादलीत ओता आणि मोजा, 25 किलोचा साधारण 15 लिटर भरतो. आता खड्डे. एकूण 26 चौरस फूट, सरासरी 2 इंच धरा. एक चौरस फूट एक इंच म्हणजे 2.36 लिटर, म्हणून 52 × 2.36 = 123 लिटर. त्याला 15 ने भागलं की सव्वाआठ. 9 पोती आणा. 30 म्हणजे सरळ लूट आहे.

गिट्टीवाला

डोंगरवाट, खड्ड्याचं घनफळ तुम्ही बरोबर काढलंत, चूक फक्त भागाकारात आहे. 15 लिटर हा सुटा माल झाला. धुम्मस मारल्यावर तोच माल बसून 12 लिटरच्या आसपास येतो आणि खड्डा त्या बसलेल्या मालानेच भरायचा असतो. म्हणजे तुमच्याच घनफळाला 9 नव्हे, 11 पोती लागतात. 9 आणली तर वरून भरल्यासारखं दिसेल, पण दाबल्यावर पृष्ठभाग रस्त्याच्या खाली जाईल. तिथे पाणी साचलं की पुन्हा खड्डा पडलाच.

मीनलताई, लिटरच्या भानगडीत न पडता एवढं लक्षात ठेवा: चौरस फूट × इंच × 5 = किलो. दाबून बसलेल्या कोल्ड मिक्सची घनता घनमीटरला 2.1 टनाच्या आसपास असते, तिथून हा 5 येतो. पोत्यावर किंवा माहितीपत्रकावर वेगळी घनता दिली असेल तर ती धरा, पण ती दाबल्यानंतरची आहे ना, हे दुकानदाराला विचारा.

दुकानदाराचे 30 कुठून आले असतील तेही सांगतो. 26 चौरस फुटांना त्याने सरसकट 4 इंच लावले: 26 × 4 × 5 = 520 किलो. त्यावर 'माल बसतो' म्हणून 40 टक्के चढवले की 728 किलो, म्हणजे 30 पोती. यात दोन चुका आहेत. सर्वांत खोल बिंदू तिन्ही खड्ड्यांना लावला, ही पहिली. आणि 5 या आकड्यात माल बसणं आधीच धरलेलं असताना ते पुन्हा मोजलं, ही दुसरी. त्याने मुद्दाम केलं असेलच असं नाही, ही गल्लत कंत्राटदारांकडूनही होते.

मात्र तुमची मापंही अजून कच्ची आहेत. आत्ता दिसतो तो खड्डा आणि भरायचा खड्डा यांत फरक असतो. कडेने हातोडीने ठोकत जा. पोकळ आवाज येतो तिथवर डांबर खालून सुटलेलं असतं. घट्ट आवाज लागेल तिथे खडूने सरळ रेषेचा चौकोन आखा आणि छिन्नीने किंवा कटरने कडा उभ्या कापा. मग खड्ड्यावर सरळ फळी आडवी टाकून फळीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत नऊ ठिकाणी खोली मोजा, तीन ओळींत तीन तीन. त्या नऊ मापांची सरासरी हीच खरी खोली.

कोकणी_माणूस

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या वाडीतला रस्ता मातीचा आहे, जांभ्याचे तुकडे टाकलेले. पावसाने भले मोठे खड्डे पडलेत. 20 पोत्यांत होईल का?

गिट्टीवाला

दादा, तिथे एकही पोतं घालू नका. कोल्ड मिक्सला आजूबाजूला घट्ट उभी कड आणि खाली न हलणारा तळ लागतो. मातीच्या रस्त्यात दोन्ही नसतात, त्यामुळे माल चाकाखाली बाजूला सरकतो. तुमच्याकडे मुरूम आणि खडी पाणी मारून थरांत दाबणं आणि कडेला गटार काढून देणं, हेच काम आहे.

रेवती_जो

पावसाळा संपलाय, हॉट मिक्स प्लांट सुरू झालेत. मग गरम डांबरच का नको? ते जास्त टिकतं.

गिट्टीवाला

टिकतं हे खरंच. पण इथे काम चार-पाचशे किलोचं आहे. एवढासा माल डंपरमध्ये वाटेतच थंड होतो आणि थंड झालेला गरम माल दाबला जात नाही. शेजारी कुठे डांबरीकरण चालू असेल आणि तिथून लगेच मिळत असेल तर जरूर घ्या.

मीनल_सचिव

कडा कापून घेतल्या, बॅरिकेडही लावलं. ठोकल्यावर खड्डे सगळीकडून वाढले.

पहिला: साडेचार × साडेतीन फूट. नऊ मापं (इंच): 2, 2.5, 2, 3, 4, 3, 2, 2.5, 2.
दुसरा: 3 × अडीच फूट, सगळीकडे जवळपास 2 इंच. तळ ओला आहे.
तिसरा: साडेसहा × 2 फूट, खोली 1 इंच.

गिट्टीवाला

मापं छान घेतलीत. आता हिशोब.

पहिला: 15.75 चौरस फूट. मापांची बेरीज 23, सरासरी 2.56 इंच. 15.75 × 2.56 × 5 = सुमारे 202 किलो.

दुसरा: 7.5 × 2 × 5 = 75 किलो.

तिसरा एक इंचावर ठेवू नका. या मालात 10 मिलिमीटरपर्यंतची खडी असते. इंचभर थरात तिला एकमेकींत अडकायला जागा मिळत नाही आणि ती सुटून निघते. दीड इंचापर्यंत खणा. मग 13 × 1.5 × 5 = 97.5 किलो.

बेरीज 374 किलो. सांडलवंड आणि पृष्ठभाग किंचित उंच ठेवणं यासाठी 10 टक्के धरले की 411. म्हणजे 17 पोती.

पहिल्या खड्ड्यात बचत करता येईल. मधला खळगा 20 मिलिमीटरची खडी आणि क्रशरची कच घालून, थोडं पाणी मारून, धुम्मसने दाबून 2 इंचांपर्यंत वर आणा. मग कोल्ड मिक्स सगळीकडे 2 इंचच लागेल: 157.5 किलो. एकूण 330, दहा टक्के धरून 363, म्हणजे 15 पोती. पैशांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे जाड थर आतून महिनोन्‌महिने मऊ राहतो, ते टळतं. या मालातलं डांबर पातळ करायला वापरलेलं तेल वरच्या बाजूनेच उडतं. चार इंच एकदम ओतलं तर वर कडक कवच आणि खाली लोणी, मग चाकाचा खोल ठसा उमटतो.

डोंगरवाट

भागाकाराची चूक मान्य. आता प्रश्न: दाबल्यावर 2 इंच हवेत, तर सुटा माल किती उंच ओतायचा? आणि रोलर नसेल तर गाडी फिरवून चालेल का?

गिट्टीवाला

सुटा अडीच इंच ओता, दाबून 2 होतो. आधी कडा दाबा, मग मध्य. मध्यापासून सुरुवात केली तर माल कडेकडे ढकलला जातो आणि कोपरे मात्र पोकळ राहतात. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर धुम्मस. गाडी फिरवणं हे त्यानंतरचं काम, तेही चाक कडेवरून सरळ नेत. निव्वळ गाडीने दाबलं तर चाकाच्या पट्ट्यात दबतं, बाकी सुटं राहतं.

काम संपल्यावर पृष्ठभाग पाव इंच वर असावा. गाड्यांनी तो पुढे बसतो. वरून कच भुरभुरा, म्हणजे टायरला चिकटणार नाही. शेजारच्या चांगल्या रस्त्यावर माल पसरवून पातळ शेवट करू नका, तो पापुद्रा आधी सुटतो.

भरण्याआधी झाडून आणि फुंकून धूळ काढा. तळाला आणि उभ्या कडांना डांबराच्या इमल्शनचा पातळ हात मारा. इमल्शनचा तपकिरी रंग काळा झाल्यावरच माल टाका.

मीनल_सचिव

दुसऱ्या खड्ड्याचा तळ ओला आहे, तो वाळवून भरला तर? कोल्ड मिक्स पावसातही चालतं असं ऐकलंय. मुंबई महापालिकेने 2017 मध्ये ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून मागवलेलं तेच ना?

गिट्टीवाला

पावसात भरता येतं याचा अर्थ साचलेल्या किंवा खालून झिरपणाऱ्या पाण्यात टिकतं असा नाही. आणि ती आयात मिश्रणं वेगळी होती, त्यांचे गुण दुकानातल्या कुठल्याही पोत्याला लावू नका.

पाऊस थांबून इतके दिवस झाले तरी तळ ओला, शेजारी चेंबर. म्हणजे चेंबरची भिंत किंवा पाइप गळतोय. परीक्षा सोपी आहे: रात्री तळ फडक्याने कोरडा पुसा, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा विटांनी दाबा. सकाळी कागदाच्या खालच्या बाजूला थेंब आणि तळात पाणी जमलेलं दिसलं तर गळती पक्की. ती थांबेपर्यंत ही 3 पोती सीलबंद सावलीत ठेवा, फोडू नका. फोडलेल्या पोत्याचा माल वाऱ्याने आवळतो.

रेवती_जो

तिसऱ्याबद्दल मला शंका आहे. पार्किंगच्या वळणावर गाड्या उभ्या जागी स्टिअरिंग फिरवतात. मऊ माल चाकाबरोबर मुरगळणार. तिथे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकचा पट्टा बरा.

गिट्टीवाला

शंका रास्त आहे. या मालाला तिथेच सर्वांत जास्त त्रास होतो. तरी मी काँक्रीटचा आग्रह धरणार नाही. दीड इंचाचं काँक्रीट फुटतं, निदान चार इंच खणावं लागेल आणि आठवडाभर वाट बंद ठेवावी लागेल. दीड इंच कोल्ड मिक्स नीट दाबून दोन-तीन आठवडे कुंड्या ठेवून वळण थोडं पुढे ढकललं तर तगण्याची शक्यता आहे, खात्री नाही.

रेवती_जो

कुंड्या दोन दिवसांत बाजूला होतील. मी पेव्हरवरच ठाम आहे.

मीनल_सचिव

कमिटीला 15 पोती आणि अर्धा ब्रास खडी-कच असं लिहून देते. प्लंबर चेंबर बघायला शनिवारी येतोय. तिसऱ्या खड्ड्याचं सभेत ठरवू.

गिट्टीवाला

अर्धा ब्रास म्हणजे 50 घनफूट, फार होईल. मधला खळगा भरायला एका घनफुटाच्या आत काम होतं. खडी आणि कच यांची एकेक गोणी पुरे, वर भुरभुरायलाही कच उरेल. आणि पोती घेताना हाताने दाबून बघा. आत दगडासारखा गोळा लागला तर ते पोतं जुनं किंवा फाटलेलं आहे, परत करा.