हुशार मुलगा प्रोजेक्ट देतच नाही, हा आळस आहे की भीती?

मधुरा_कोथरूड: मुलगा दहावीला आहे, आयसीएसई. नववीत ९३ टक्के होते, त्यामुळे येत नाही असा प्रश्नच नाही. हिस्टरीचा प्रोजेक्ट टिळकांवर आहे, इंटर्नलचे २० मार्क. तारीख गेली, बाईंनी वाढवून दिली, तीही गेली. रोज रात्री लॅपटॉप उघडून बसतो. परवा फाइल बघितली तर झकास कव्हर, नाव, रोल नंबर आणि खाली एकच परिच्छेद, तो किती वेळा खोडून लिहिलाय ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं. विचारलं तर "चांगलं होत नाहीये" एवढंच म्हणतो आणि दार लावून घेतो. बाबा म्हणतात शुद्ध आळस. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_काका: बाबा बरोबर बोलतायत. आमच्या वेळी जर्नल वेळेवर दिलं नाही तर सर वर्गाबाहेर उभं करायचे, आपोआप पूर्ण व्हायचं. तारीख वाढवून दिली हीच मोठी चूक झाली. बाईंना स्वतः जाऊन सांगा की आता आणखी मुदत देऊ नका, शून्य मिळालं तर मिळू दे. एकदा ठेच लागली की येईल ताळ्यावर. हल्ली मुलांना जरा काही झालं की आईवडीलच घाबरतात.

समुपदेशक_कर्वेनगर: काका, मुदतीचं तुमचं म्हणणं अर्धं मला पटतं, पण आळस नाही हो हा. ज्याला करायचंच नाही तो फाइल उघडत नाही, पहिला परिच्छेद रात्र रात्र घासत बसत नाही. शाळांमधून अशी मुलं माझ्याकडे येतात, त्यात बहुतेक वर्गातली पहिल्या पाचातली असतात. लहानपणापासून "हा हुशार आहे" ऐकत आलेली. प्रोजेक्ट हातातून सुटला की त्यावर मार्क पडणार, म्हणजे आपण खरंच किती हुशार ते ठरणार असं त्यांना वाटतं, आणि जोवर दिलेला नाही तोवर "मनावर घेतलं असतं तर २० पैकी २० होते" हे शाबूत राहतं. शेवटच्या रात्री उरकून दिलं तरी नाव वाचतं, कमी पडले तर वेळ नव्हता आणि जास्त पडले तर एका रात्रीत केलं! ताई, अजून एक बघा, लॅपटॉप बंद केल्यावर त्याला लगेच हायसं वाटत असणार, आणि तेच हायसं वाटणं त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळायला लावतं. मुदत वाढली की तर अजून अवघड होतं कारण "इतके दिवस घेतले, आता तसंच भारी पाहिजे" हे ओझं वर येतं. म्हणून मोकळी मुदत नकोच. पण धपाटे आणि शून्यसुद्धा नको, कारण चुकण्याची जी किंमत त्याला आधीच आभाळाएवढी वाटतेय ती आपण अजून वाढवतो.

अनघा_सिंहगड_रोड: ताई, आधी एडीएचडीची टेस्ट करून घ्या!! माझ्या मुलीचं डिट्टो असंच होतं, डबा विसरणार, वही विसरणार, निम्मं होमवर्क करून उठणार, आम्ही वर्षभर ओरडत बसलो आणि मग डॉक्टरांनी सांगितलं. आता औषध चालू आहे, खूप फरक आहे. उगाच वेळ घालवू नका.

समुपदेशक_कर्वेनगर: अनघाताई, शंका घेणं योग्यच आहे, आणि ठरवायचं ते डॉक्टरांनीच. पण तुमच्या मुलीचं डब्यापासून सगळीकडेच होतं, आणि एडीएचडीच्या खुणा बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसतात. मधुराताई, तुमच्याकडे टाळाटाळ नेमकी कुठे होते? ज्याला मार्क नाहीत अशी कामं तो कशी करतो?

मधुरा_कोथरूड: लहानपणी असं काहीच नव्हतं. आणि आता मित्रांबरोबर राजगडला जायचं होतं तर एसटीच्या वेळा, कुठून चढायचं, कोणी काय आणायचं, सगळं एका संध्याकाळी लिहून ग्रुपवर टाकलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. तिथे त्याला काही वाटलं नाही.

समुपदेशक_कर्वेनगर: मग बराचसा उलगडा झाला, जिथे कोणी तपासणार तिथेच अडतंय. मी सहसा काय करायला सांगते ते लिहिते. २० मार्क कशाकशाला आहेत ते बाईंकडून लिहून आणा. मग त्याला विचारा, १४ मार्कांचा प्रोजेक्ट कसा दिसेल? तो बहुतेक १९ चा सांगेल, म्हणजे त्याने पट्टी कुठे लावलीय ते दोघांनाही कळेल. त्या रात्री लॅपटॉप नाही, कागद आणि पेन, कारण डिलीट आणि फॉन्ट हे त्याचे लपायचे कोपरे आहेत. पूर्ण टिळक घ्यायचेच नाहीत, फक्त १९०८ चा खटला घ्या, राजद्रोहाचा आरोप, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. २० मिनिटांचा टायमर, खोडायचं नाही, वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी थांबायचं. तुम्ही वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी तोच कागद बाईंना, आणि बाईंशी आधी बोलून ठेवा की मार्क नको, "छान"सुद्धा नको, काय राहिलंय तेवढंच सांगा. बिघडतं ते इथे की मूल गुपचूप फेअर करतं. अक्षर मोत्यासारखं आणि हेडिंगखाली पट्टीने रेघ दिसली तर समजा रफ झालंच नाही, मग पुढच्या वेळी १० मिनिटं द्या.

इंजिनिअरिंग_थर्ड_इयर: ताई सॉरी पण हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी तसाच होतो. नववीत सर म्हणाले रफ दाखव, मी दाखवलं, त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं आणि टॉपरचं इंग्लिश बघा म्हणाले. त्यानंतर मी अर्धवट काम कोणालाच दाखवलं नाही, आजही सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो. त्यामुळे रफ दाखवा हे सगळ्यांना चालेल असं नाही, समोरचा माणूस कोण आहे त्यावर आहे.

समुपदेशक_कर्वेनगर: अगदी खरं आहे. बाईंचा भरवसा नसेल तर पहिला कागद मामा, मावशी, मोठी चुलत बहीण, मार्क न देणाऱ्या कोणालाही दाखवा. पण हेही सांगते, शेवटी मार्क देणाऱ्याच्या हातात कच्चं काम देण्याची सवय व्हावीच लागते आणि तशी शिक्षिका नसेल तर त्यावर माझ्याकडे हमखास उपाय नाही.

पेठेतला_काका: हे सगळं एका मुलासाठी ठीक. चाळीस मुलांच्या वर्गात बाई प्रत्येकाचा अर्धा कागद बघत बसणार? इंटर्नलचे मार्क शाळेला बोर्डाकडे ठरलेल्या तारखेला भरावेच लागतात. आणि उद्या नोकरीत कोण टायमर लावून देणार?

अनघा_सिंहगड_रोड: काका, नोकरीत त्याचा तो लावेल ना, आत्ता शिकला तर.

मधुरा_कोथरूड: काल केलं. "हे कशाला" म्हणत बसला, पण लिहिलं. टायमर वाजल्यावर म्हणाला फेअर करून देतो, मी नको म्हटलं तर चिडला. आज बाईंना दिलं, त्यांनी फक्त "केसरीतल्या लेखांचं लिही" असं पेन्सिलने लिहून दिलं. आल्यावर तो कागद मला स्वतःहून दाखवला. पण लॅपटॉप अजून उघडला नाहीये. बाबा म्हणतात मीच टाइप करून टाकतो, विषय संपव. करू देऊ का? आणि हल्ली झोपही नीट नाही त्याची.

समुपदेशक_कर्वेनगर: टाइप करू देऊ नका, "माझ्याच्याने झालं नसतं" एवढंच त्यातून त्याच्या डोक्यात बसेल. त्यालाच हाताने लिहून देता येईल का ते बाईंना विचारा, बऱ्याच शाळांमध्ये चालतं. उद्याची २० मिनिटं फक्त केसरीतले लेख. झोपेकडे मात्र लक्ष ठेवा. जेवण तुटलं, शाळेत जाणं टाळायला लागला, "माझा काही उपयोग नाही" असं बोलायला लागला तर प्रोजेक्ट बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पेठेतला_काका: हाताने लिहिण्याला माझा पाठिंबा. पण तारीख एकच ठेवा आणि ती त्याच्यासमोर बाईंकडून ठरवून घ्या. त्या दिवशी जेवढं असेल तेवढं द्यायचं, अर्धं तर अर्धं.

समुपदेशक_कर्वेनगर: हो, काका, तारीख पक्की हवीच. मधुराताई, ती कोणती ते मात्र बाबांनी न ठरवता त्यालाच बाईंना सांगू दे.