‘हा रेझ्युमे जरा चांगला करून दे’ : आधी विचारायचं की आधी करून द्यायचं?

कारेलीबागकर
मामेभाऊ बडोद्याजवळ पादऱ्याकडच्या एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, आठ वर्षं झाली. त्याने तीन पानी रेझ्युमे व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एकच ओळ: ‘दादा, हा जरा चांगला करून दे.’ भाषा आणि मांडणी मी नीट करू शकतो, पण त्याच्या कामातलं मला काही कळत नाही. सरळ करून देऊ, की आधी विचारू? विचारायचं तर काय?

दांडियाबाजार
सरळ करून द्या. लोकांना काय हवंय ते त्यांनाही माहीत नसतं, समोर काहीतरी आलं की मग ‘हे नको, ते हवं’ सुचतं. तीन पानांची दोन करा. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे काढा. प्रत्येक ओळीत आकडा घाला. प्रश्नांची यादी पाठवलीत तर तो ‘बघतो’ म्हणेल आणि विषय तिथेच राहील. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं असंच झालंय.

मांजलपूरच्या ताई
मी क्यूसी प्रयोगशाळा सांभाळलेली आहे आणि भरतीसाठी आलेले रेझ्युमे वर्षानुवर्षं वाचलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

यादी पाठवू नका हे मला पटतं. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय फाइल उघडू नका: रेझ्युमे पाठवल्यावर नेमकं काय होतंय? कॉलच येत नाहीत, की कॉल येतात आणि मुलाखतीत थांबतं? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. कॉल येत नसतील तर त्याने केलेलं काम कागदावर दिसत नाहीये, ते वर आणायचं. कॉल येऊनही मुलाखतीत अडत असेल तर बहुतेक वेळा कागदावर जास्त लिहिलेलं असतं. अशा वेळी तुम्ही भाषा आणखी जोरदार केलीत तर त्याचं नुकसानच होईल.

दुसरा प्रश्न मी असा विचारते: गेल्या वर्षभरात तुझ्या सहीशिवाय काय अडलं असतं? क्यूसीतल्या जवळजवळ प्रत्येक रेझ्युमेत एकच ओळ असते: कच्चा माल, इन-प्रोसेस आणि फिनिश्ड प्रॉडक्टचं एसओपीप्रमाणे ॲनालिसिस, एचपीएलसी, जीसी, यूव्ही, आयआर हाताळणं. आठ महिने काम केलेला मुलगाही हेच लिहितो आणि आठ वर्षंवालाही. सहीचं विचारलं की फरक बाहेर येतो. कोणी म्हणतं स्टॅबिलिटीचं वेळापत्रक माझ्याकडे असतं, कोणी म्हणतं इतरांचे क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीवर निघालेले आलेख, मी तपासतो. असं काम रेझ्युमेत बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं, कारण लिहिणाऱ्याला ते रोजचंच वाटतं.

तिसरा प्रश्न, जायचंय कुठे. क्यूसीतच वरच्या जागेवर, की क्यूएत, म्हणजे गुणवत्ता हमीच्या विभागात? तेच काम दोन तऱ्हेने लिहावं लागतं. क्यूसीतल्या सेक्शन इन्चार्जच्या जागेसाठी पाहणारा शोधतो की हा माणूस सॅम्पलची वाटणी, कॅलिब्रेशनचं वेळापत्रक आणि ॲनालिस्टची पाळी सांभाळू शकेल का. क्यूएवाला पाहतो की डेटा कसा तपासतो: पीकचं इंटिग्रेशन हाताने बदललेलं असेल तर त्याचं कारण नोंदलंय का हे बघतो का, ऑडिट ट्रेल उघडतो का, ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरचा निकाल, आला की पहिल्या टप्प्यात वजन, डायल्यूशन, सिस्टीम सुटेबिलिटी हे तपासून मगच पुढे जातो का. दिशा ठरलेली नसेल तर वरच्या अर्ध्या पानावर काय ठेवायचं हे तुम्ही ठरवूच शकत नाही.

सुभानपुऱ्याची आई
माझी मुलगी एम.एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. झाली आहे. तिने इंटरनेटवरून फार सुंदर नमुना घेतलाय, डाव्या बाजूला निळा पट्टा, फोटो, आणि एक्सेल, टॅली, इंग्रजी यांच्यापुढे पाचपैकी तारे. चांगला करणं म्हणजे हेच ना? तरी पाच-सहा ठिकाणी टाकून एकही उत्तर नाही.

मांजलपूरच्या ताई
ताई, तुमचा विषय थोडा वेगळा आहे, पण एक गोष्ट आज करून पाहा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कंपनीची पोर्टलं बहुतेक असाच नुसता मजकूर उचलतात. दोन रकाने असले की कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते, आणि रेझ्युमे चित्र म्हणून सेव्ह झालेला असेल तर पेस्ट केल्यावर काहीच येत नाही. ताऱ्यांवरूनही वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि जीएसटीचं रिटर्न भरायला मदत’ असं लिहिलं की कळतं. अर्थात तिने ते केलेलं असेल तरच.

अलकापुरीकर
मी भरतीची कामं घेतो, औषध आणि रसायन दोन्ही. ताईंचा पहिला प्रश्न चांगला आहे, पण तो ज्याने आधी रेझ्युमे पाठवलाय त्यालाच लागू पडतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक अजून कुठेच पाठवलेला नाही असे असतात. त्यांना मी एवढंच सांगतो: आज रात्री अर्ज करायचा झाला तर कुठल्या जाहिरातीला कराल, ती एक जाहिरात मला पाठवा. दिशा विचारली की माणूस ‘कुठेही चालेल’ म्हणतो, जाहिरात मागितली की खरं उत्तर मिळतं.

शिवाय पहिल्यांदा वाचणार कोण हेही विचारा. ओळखीतून थेट क्यूसी हेडकडे जाणार असेल तर ताई म्हणतात तसं लिहा. नोकरी डॉट कॉमवरून आमच्यासारख्याकडे येणार असेल तर आम्ही आधी शब्दांनी शोधतो, मग नोटीस पीरियड आणि सध्याचं ठिकाण पाहतो. उपकरणाचं नाव रेझ्युमेत नसेल तर माणूस शोधात येतच नाही, मग मजकूर कितीही उत्तम असो.

कारेलीबागकर
काल दोन प्रश्न विचारले, ताईंचा पहिला आणि सहीचा. उत्तर फोनवर आलं, लिहून नाही. कॉल येतात. दहेज आणि अंकलेश्वरच्या बाजूला मुलाखतीही झाल्या. दुसऱ्या फेरीनंतर पुढे काही होत नाही. सहीबद्दल तो म्हणाला की गेली दोन वर्षं तो इतर ॲनालिस्टचे क्रोमॅटोग्राम तपासतो, त्याच्या सहीशिवाय रिपोर्ट पुढे जात नाही. रेझ्युमेत याचा उल्लेख शेवटच्या पानावर, अर्ध्या ओळीत आहे. सगळ्यात वर ठळक अक्षरात ‘मेथड व्हॅलिडेशन’ लिहिलंय, म्हणजे चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्याचं काम.

मांजलपूरच्या ताई
मग मला वाटतं त्याचं दुखणं तिथेच आहे. त्याला विचारा, व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल त्याने लिहिला होता, की त्यातली इंजेक्शनं त्याने चालवली होती?

कारेलीबागकर
विचारलं. प्रिसिजन आणि लिनिॲरिटीची इंजेक्शनं चालवली, गणना केली. प्रोटोकॉल दुसऱ्या विभागाचा होता. मुलाखतीत विचारलं होतं की ॲक्युरसीसाठी कुठल्या पातळ्या घेतल्या आणि त्याच का. तिथे तो अडखळला.

मांजलपूरच्या ताई
ॲसेसाठी, म्हणजे औषधातला मुख्य घटक किती आहे ते मोजण्यासाठी, साधारण 80, 100 आणि 120 टक्के अशा तीन पातळ्या, प्रत्येकी तीन तयाऱ्या, हे ज्याने प्रोटोकॉल हाताळलाय त्याच्या तोंडावर असतं. ज्याने फक्त इंजेक्शनं चालवली त्याच्या असेलच असं नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण वर ठळक लिहिलंत की समोरचा पहिला प्रश्न तिथूनच काढणार. पुढचा अर्धा तास मग जे येत नाही त्यावर जातो, आणि जे खरोखर येतं त्याबद्दल कोणी विचारतही नाही.

मी असं करीन. सगळ्यात वर ओळ: ‘क्यूसी, एचपीएलसी विभाग, ॲनालिस्ट ते डेटा रिव्ह्यूअर.’ त्याखाली रिव्ह्यूचं काम तीन ओळींत: रोज अंदाजे किती क्रोमॅटोग्राम तपासतो, त्यात काय पाहतो, आणि चूक सापडल्यावर पुढे काय केलं याचं एक उदाहरण. व्हॅलिडेशन खाली जाईल आणि तिथे एवढंच लिहायचं: ‘मेथड व्हॅलिडेशनमध्ये प्रिसिजन व लिनिॲरिटीची इंजेक्शनं आणि गणना.’ हे खरं आहे आणि यावर कितीही खोदून विचारलं तरी तो बोलू शकेल.

दांडियाबाजार
म्हणजे तो रेझ्युमे चांगला करा म्हणाला, आणि तुम्ही त्यातलं चांगलं तेच खाली ढकलताय. कॉल त्या ‘मेथड व्हॅलिडेशन’मुळेच येत असतील तर? ते खाली नेलं की कॉलही बंद होतील.

अलकापुरीकर
शब्द रेझ्युमेत आहे तोवर शोधात येईल, वर असो की खाली. पण तुमच्या शंकेत तथ्य आहे. रेझ्युमे उघडल्यावर वरच्या ओळी पाहून पुढे पाठवायचा की नाही ते आम्ही ठरवतो, त्यामुळे व्हॅलिडेशनच्या जागांसाठी येणारे काही कॉल कमी होतील. माझ्या मते तसे कॉल गेलेलेच बरे. ज्याला दोन महिन्यांत नोकरी बदलायचीच आहे तो मात्र असं म्हणणार नाही, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

आकड्यांबद्दलही सांभाळा. किती क्रोमॅटोग्राम तपासले हे लिहा, पण कंपनीत वर्षाला किती ओओएस आले, कुठल्या मॉलिक्यूलमध्ये आले, हे बाहेरच्या कागदावर लिहू नये. ती कंपनीची माहिती आहे. नवा मालक ते वाचून खूश होत नाही, उद्या हा आमचंही बाहेर सांगेल असा विचार करतो.

मांजलपूरच्या ताई
हे अगदी बरोबर. आणि जे रेझ्युमेने सुटणार नाही ते त्याला आधीच सांगा. त्याचा नोटीस पीरियड 90 दिवसांचा असेल आणि समोरच्याला माणूस 30 दिवसांत हवा असेल, तर तिथे मांडणी काही करू शकत नाही.

कारेलीबागकर
नोटीस 90 दिवसच आहे. क्यूएत जायचं की क्यूसीतच राहायचं, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. बायको म्हणते पाळीची नोकरी नको, म्हणजे क्यूए. तो म्हणतो क्यूएत गेलो की उपकरणावरचा हात जाईल. मी सध्या व्हॅलिडेशन खाली नेलंय, रिव्ह्यू वर आणलाय आणि तिसरं पान काढलंय. वरची ओळ रिकामी ठेवून फाइल त्याला परत पाठवली आहे. अलकापुरीकर म्हणतात तशी एक जाहिरात रविवारपर्यंत पाठव म्हणालोय.

दांडियाबाजार
रिकामी ओळ पाहून तरी तो उत्तर देईल. पण मी अजूनही म्हणतो, व्हॅलिडेशनचा जुना रेझ्युमे पुसू नका. एका जागेला तोही पाठवून बघा.

मांजलपूरच्या ताई
पाठवायचा तर त्याआधी ॲक्युरसीचं नीट वाचून जाऊ दे.