मदत हवी आहे: खांदेदुखीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आईची झोप उडालीय, औषधवाल्याला नेमकं काय विचारू?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, आम्ही कोल्हापुरातच असतो. गेले दोन-अडीच महिने सकाळी उठलं की तिचे दोन्ही खांदे आणि मांड्या अशा आखडायच्या की वेणी घालायला हात वर जात नव्हता. रक्त तपासलं, ईएसआर बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी पॉलिमायल्जिया म्हणून आजार सांगितला आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशी आईनं स्वतः हात वर करून फळीवरचा डबा काढला. इथवर एक नंबर.

पण झोप गेली ती गेलीच. आज अकरावा दिवस. परवा रात्री अडीचला स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून उठून बघतो, तर आई पितळी डबे चिंच लावून घासत बसलेली. शेजारी परातीत तूरडाळ निवडून ठेवलेली. म्हटलं झोप की आता, तर म्हणते, "दमल्यासारखं वाटंना तर झोपू कशाला?" दिवसा मात्र सगळ्यांवर खेकसते आणि चार वाजता खुर्चीतच डुलक्या घेते.

बाकी औषधं म्हणजे बीपीसाठी मेटोप्रोलॉल ५० रात्री, चार वर्षं झाली, आणि एक कॅल्शियम. शुगर बॉर्डरला आहे, त्यासाठी गोळी नाही. डॉक्टरांची पुढची तारीख अजून दोन आठवड्यांनी. दुकानातल्या पोरानं "झोपेची एक देऊ का?" म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. तिथं जाऊन काय विचारायचं ते सांगा.

रंकाळ्यावरचा
भावा, मेटोप्रोलॉलच असणार. बीटा ब्लॉकर आहे ते. माझ्या काकांना त्यानं अशी स्वप्नं पडायची की ओरडत उठायचे. चार दिवस बंद करून बघ, लगेच कळेल.

खिडकीपलीकडून
रंकाळ्यावरचे दादा, निम्मं बरोबर आहे तुमचं. मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रानोलॉल मेंदूपर्यंत सहज पोचतात, त्यामुळे काहींना स्पष्ट, भीतीदायक स्वप्नं पडतात. ॲटेनोलॉलचा तो त्रास कमी दिसतो. पण "चार दिवस बंद करून बघ" हे कुणालाही सांगू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडला की हृदयाचे ठोके आणि बीपी उसळून वर येतात. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांना त्यातून झटकाही येऊ शकतो. कमी करायचं तर डॉक्टरांनी, हळूहळू.

शिवाय हिशेब जुळत नाही. चार वर्षं जी गोळी घेऊन बाई नीट झोपत होत्या ती अकरा दिवसांपूर्वी अचानक कशी बिघडली? आधी नवीन काय आलं ते बघायचं. रात्री अडीचला डबे घासायची हुरूप येणं हे तर स्टेरॉइडचं अगदी ओळखीचं लक्षण. मी एकोणीस वर्षं दवाखान्याच्या औषध खिडकीत बसते, दर महिन्याला अशी एक तरी आई-आजी येते.

शाहूपुरीकर, एक काम करा. प्रेडनिसोलोनबद्दल डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय ते अक्षरशः इथं लिहा. आणि आई ती गोळी प्रत्यक्षात किती वाजता घेतात तेही. दोन्ही वेगवेगळं सांगा.

मीठभाकर
माझंही असंच झालेलं. मला मागच्या वर्षी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. मन शांत व्हायची गोळी म्हणून मी आपली रात्री जेवून घ्यायचे आणि तीन वाजेपर्यंत छताचा पंखा मोजत पडायचे. महिनाभरानं तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरच हसले, ही सकाळची गोळी आहे म्हणाले. तेव्हापासून चहाबरोबर घेते. माझ्या बहिणीला मात्र मिर्टाझापिन आहे, ती रात्रीच घ्यायची असते आणि ती घोरतेसुद्धा. आजार तोच, गोळी निराळी.

गूळखोबरं
झोपेसाठी जायफळ उगाळून कोमट दुधात द्या. आमच्या आजेसासूबाई ९१ व्या वर्षापर्यंत घेत होत्या. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, त्या बंद करा.

शाहूपुरीकर
गूळखोबरं ताई, झोपेची गोळी आई घेतच नाही, द्यायलाही सांगत नाहीय मी.

खिडकीपलीकडून मॅडम, कागद काढला. त्यावर आहे: प्रेडनिसोलोन ५, तीन गोळ्या, ओडी, नाश्त्यानंतर. दुकानातून आलेल्या खाकी पाकिटावर बॉलपेननं लिहिलंय १-१-१. आई त्याप्रमाणे सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री साडेनऊला जेवून एक घेते. ओडी म्हणजे काय?

खिडकीपलीकडून
दिवसातून एकदा. सापडलं बघा. डॉक्टरांना १५ मिलिग्रॅम सकाळी एका दमात द्यायचं होतं. काउंटरवर "तीन गोळ्या" वाचून कुणीतरी त्या तीन वेळांना वाटून टाकल्या. ही चूक मी स्वतः नवशिकी असताना केलेली आहे, म्हणून पटकन डोळ्यांत आली.

फरक का पडतो ते सांगते. आपलं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवतंच. ते पहाटे सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी गोळी घेतली की ती त्या लयीत बसते. रात्री साडेनऊला घेतली की शरीराला वाटतं उजाडलं. प्रेडनिसोलोनचा असर बारा तासांहून जास्त टिकतो, म्हणून काहींची झोप सकाळच्या डोसनेही थोडी पातळ होतेच. पण डबे घासण्याइतकी सहसा नाही.

आता दुकानात. काउंटरवरच्या पोराला विचारू नका, ज्यांच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय त्या फार्मासिस्टला विचारा. सकाळी अकराच्या आसपास जा, संध्याकाळच्या गर्दीत कुणी नीट ऐकत नाही. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. सर्दीच्या गोळ्या, पंप, गुडघ्यासाठी कुणी आणून दिलेल्या पुड्यासुद्धा. पुड्यांचं मुद्दाम म्हणते, सांधेदुखीच्या काही पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड घातलेलं सापडलंय.

मग कागद आणि पाकीट शेजारी ठेवा आणि म्हणा, या दोन्हीत फरक आहे, तुम्ही डॉक्टरांना फोन करून खात्री करता का? हा फोन त्यांनी करायचा असतो, ते त्यांचं कामच आहे. दुसरं विचारा, आज रात्रीच्या गोळीचं काय आणि उद्यापासून कसं? ते स्वतःच्या मनानं ठरवू नका, गोळी चुकवूही नका आणि दुप्पटही घेऊ नका. तिसरं, यातली कुठली गोळी एकदम थांबवायची नाही? आईंचं स्टेरॉइड महिनोन्‌महिने चालणार आहे. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, मग अचानक सोडलं तर माणूस गळून पडतो, बीपी खाली जातं. झोप येत नाही म्हणून वैतागून त्या गोळीच बंद करतील, मला जास्त भीती त्याची आहे.

आणि एक. सलग रात्री अजिबात डोळा लागला नाही, बोलणं तुटक झालं, संशय घ्यायला लागल्या किंवा नसलेलं दिसू-ऐकू यायला लागलं, तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

रंकाळ्यावरचा
मॅडम, मान्य. बंद करायचं बोललो ते मागे घेतो. पण काकांचं काय? ते अजून रात्रीच घेतात.

खिडकीपलीकडून
वेळ बदलून चालेल का ते त्यांची गोळी कुठल्या प्रकारची आहे त्यावर आहे. काही साध्या असतात आणि दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात, काही हळूहळू विरघळणाऱ्या, एकदाच. नावाच्या शेवटी एक्सएल किंवा ईआर आहे का बघा आणि पाकीट घेऊन विचारा. गोळी न बघता मी काही सांगणार नाही.

शाहूपुरीकर
पाच दिवसांनी लिहितोय. दुकानाचे मालकच फार्मासिस्ट आहेत. कागद बघून आधी जरा गडबडले, मग माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आजची राहिलेली गोळी संध्याकाळी सहाला खाऊन घ्या, रात्री नको, उद्यापासून तिन्ही नाश्त्यानंतर. मालकांनी जुनं पाकीट फाडून टाकलं आणि नव्यावर मोठ्या अक्षरात "सकाळी ३" लिहून दिलं. भांडायला गेलो होतो, जमलं नाही.

पहिल्या दोन रात्री काही फरक नव्हता. तिसऱ्या रात्रीपासून साडेअकरा ते चार अशी सलग झोप लागतेय. खांदे मोकळेच आहेत, मला वाटलेलं रात्रीची गोळी गेली की सकाळी पुन्हा आखडतील. थोडं आखडतं, पण आंघोळीपर्यंत सुटतं.

पण आता दोन-तीनदा लघवीला उठते. हे वय म्हणायचं का?

मीठभाकर
रात्री पाणी कमी द्या.

खिडकीपलीकडून
पाणी कमी करायच्या आधी शुगर बघा. आणि नुसती उपाशीपोटीची नको. सकाळच्या प्रेडनिसोलोनने शुगर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत पुन्हा उतरते. उपाशीपोटी रिपोर्ट छान येतो आणि लोक फसतात. घरी मशीन असेल तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा बघा, वेळेसकट लिहून ठेवा.

गूळखोबरं
आमच्यात मेथ्या भिजवून देतात.

शाहूपुरीकर
शेजारच्या काकांचं मशीन आणलं. सकाळी १०२. संध्याकाळी पाचला २४३. मशीन बिघडलंय वाटून माझं बोट टोचून बघितलं, माझी ११८ आली. दुसऱ्या दिवशी आईची ९८ आणि २३१.

खिडकीपलीकडून
मशीन बरोबर आहे. रात्रीचं उठणं त्यामुळेच असेल असं मला वाटतं, पण ठरवायचं डॉक्टरांनी. हे चार आकडे आजच फोनवर कळवा. स्टेरॉइड चालूच राहणार असल्यानं बहुतेक शुगरसाठी काहीतरी सुरू करतील, आणि डोस उतरेल तसं तेही पुन्हा बघावं लागेल.

शाहूपुरीकर
कळवले. गुरुवारी बोलावलंय. मेटोप्रोलॉलचं विचारलं तर म्हणाले एका वेळी एकच गोष्ट बदलू, नाहीतर कशानं काय झालं कळणार नाही. चारला जाग येते ती स्टेरॉइडची, बीपीच्या गोळीची की शुगरची, हे अजून कुणालाच सांगता येत नाही. तोवर आई चार वाजता उठून चहा करते आणि मलाही उठवते.

रंकाळ्यावरचा
काकांची गोळी बघितली. नावाच्या शेवटी एक्सएल आहे. उद्या अकराला पिशवी घेऊन जातोय.