गणेशपूजनाच्या व्हिडिओत कापराची जाहिरात घ्यावी का?

लालबागकर: आमच्या चॅनेलवर पार्थिव गणेशपूजनाचा १२ मिनिटांचा व्हिडिओ येतोय. एक पूजासाहित्य विक्रेता पैसे देऊन त्याचा कापूर दाखवायला सांगतोय. पूजेचं पावित्र्य राखून, पैसे घेतल्याचं न लपवता हे कसं करावं?

गिरगावकर: घेऊच नये. प्राणप्रतिष्ठा झाली की समोर देव असतो. तिथे ‘हाच कापूर लावा’ म्हटलं की भाविकाला तो विधीचाच भाग वाटतो.

मुलुंडचे गुरुजी: गिरगावकर, तुमचा आक्षेप रास्त आहे, पण तो जागेबद्दलचा आहे. साहित्याची यादी आचमनाच्या आधी सांगतात. जाहिरात तिथेच सुरू करून तिथेच संपवा. पुढे मंत्रपुष्पांजलीपर्यंत विक्रेत्याचं नाव नको, चौरंगाजवळ त्याचा पुडाही दिसू नये. कापूर पुड्यातून काढून तबकात ठेवा. विधी आणि मंत्रांत बदल सुचवण्याचा हक्क विक्रेत्याला नाही, हे आधीच लिहून घ्या.

दाव्यांकडे नीट लक्ष द्या. कापूर जळल्यावर मेणचट थर किंवा राख उरली, तर भेसळ आहे हे कळतं. पण काहीच उरलं नाही म्हणून तो भीमसेनी ठरत नाही. कारखान्यातला शुद्ध कापूरही तसाच जळतो. म्हणून ‘मागे राख राहत नाही’ एवढंच बोला, तेही स्वतः जाळून पाहिल्यावर. ‘वास्तुदोष जातो’ वगैरे अजिबात नको. चमत्कारी यंत्रांच्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा असल्याचं औरंगाबाद खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं आहे.

बोरिवलीची मैत्रेयी: एवढं कशाला? अपलोड करताना ‘पेड प्रमोशन’वर खूण करा, काम झालं.

मुलुंडचे गुरुजी: खूण हवीच, पण ती सूचना सुरुवातीची १० सेकंदंच दिसते. कापूर दुसऱ्या मिनिटाला आला, तर मधूनच पाहणाऱ्याला काय कळणार? जाहिरात मानक परिषदेच्या नियमाप्रमाणे २ मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत, वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर पडद्यावर पाटी हवी. मराठी व्हिडिओत ‘जाहिरात’ असं ठळक लिहा. त्यातून ६० सेकंदांची रील काढलीत, तर पाटी किमान २० सेकंद ठेवा. खाली हॅशटॅगांच्या गर्दीत टाकलेला शब्द चालत नाही.

चेंबूरची सुनबाई: मला पैसे नाही मिळाले, फक्त समई पाठवली होती. मग मी कशाला सांगू?

मुलुंडचे गुरुजी: ताई, फुकट आलेली वस्तूही सांगावी लागते. ‘विक्रेत्याकडून भेट’ असं लिहा.

लालबागकर: विक्रेता सवलतीचा कोडही देतोय, प्रत्येक विक्रीमागे आम्हाला कमिशन. तो वर्णनात टाकला तर?

मुलुंडचे गुरुजी: पहिल्याच ओळीत, कमिशन मिळतं हे सांगून टाकलात तर चालेल.

गिरगावकर: हे मला पटत नाही. ठरलेली रक्कम एकदाच मिळते. कमिशन असलं की पुढच्या वर्षी यादीतल्या वस्तू वाढायला लागतात. २१ दूर्वा दाराशी मिळत असताना ‘संपूर्ण संच घ्या’ असं तोंडातून निघतं.

मुलुंडचे गुरुजी: मग कोड फक्त कापरापुरता घ्या.

गिरगावकर: तरी माझा विरोध राहील.